टूज कॉम्प्लिमेंटने वजाबाकी आणि ओव्हरफ्लो: फोटोतल्या एका स्वाध्यायावरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉम्प्युटर ऑर्गनायझेशनच्या पुस्तकातल्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो येतो, खाली एकच ओळ असते: "सर, (ड) चं उत्तर दोघांचं वेगळं येतंय." प्रश्न साधारण असा असतो: खालील संख्या ८ बिटांच्या टूज कॉम्प्लिमेंट पद्धतीत आहेत; वजाबाकी करा आणि ओव्हरफ्लो होतो का ते कारणासह सांगा.

```
(अ) 00101101 - 01001110
(ब) 01001110 - 00101101
(क) 10011100 - 00110010
(ड) 11111011 - 10000000
```

खालची उत्तरं याच चार गणितांना धरून आहेत. दशमान संख्या देवनागरी अंकांत आणि बायनरी संख्या 0 व 1 अशा टंकल्या आहेत, म्हणजे 10 दिसलं की दहा वाचायचं की दोन, असा घोळ होणार नाही.

फोटो धूसर आहे. सोडवायला बसण्याआधी काय बघू?

प्रत्येक संख्येतले अंक मोजा. आठ भरले पाहिजेत. जाड पुस्तकाचा फोटो काढला की पान शिवणीकडे वळतं आणि त्या बाजूचा एखादा अंक सावलीत जातो. उजवीकडचा अंक गेला तर किंमत चुकते. डावीकडचा गेला तर साइन बिटच जातो, आणि मग संख्या धन की ऋण हेच कळत नाही. अशा वेळी अंदाजाने पुढे 0 लावू नका, फोटो पुन्हा मागवा. (क) मधल्या 10011100 चा पहिला 1 कापला गेला आणि कुणी तिथे 0 बसवला, तर −१०० च्या जागी २८ होतात. पुढचं सगळं गणित बिनचूक करूनही उत्तर चूक येतं.

दुसरं म्हणजे प्रश्नाची वरची ओळ फोटोत आली आहे का ते बघा. पुष्कळदा फक्त गणितांचा फोटो काढतात आणि "८ बिट" किंवा "साइन्ड" हे शब्द वरच राहून जातात. त्या ओळीशिवाय ओव्हरफ्लोचा प्रश्न सोडवता येत नाही, कारण ओव्हरफ्लो म्हणजे "खरं उत्तर दिलेल्या बिटांत मावत नाही". बिट किती तेच ठाऊक नसेल तर मावतं की नाही हे ठरवणार कशावरून?

"टूज कॉम्प्लिमेंट वापरून वजा करा" असं लिहिलंय. मग संख्या साइन्डच धरायच्या ना?

नाही, आणि अर्धा गोंधळ इथूनच सुरू होतो. या एका वाक्यामागे दोन वेगळे प्रश्न असू शकतात.

डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या पेपरात बहुधा संख्या अनसाइन्ड असतात आणि टूज कॉम्प्लिमेंट ही फक्त वजाबाकीची युक्ती असते. तिथला नियम असा: शेवटी कॅरी आला तर तो सोडून द्या, उत्तर धन आहे. कॅरी आला नाही तर आलेल्या बेरजेचं पुन्हा टूज कॉम्प्लिमेंट घ्या आणि पुढे वजाचं चिन्ह लावा. त्या प्रश्नात ओव्हरफ्लो हा विषयच नसतो.

आपल्या फोटोत मात्र संख्याच टूज कॉम्प्लिमेंटमध्ये दिल्या आहेत. पहिला बिट 1 असेल तर संख्या ऋण, आणि ८ बिटांत −१२८ पासून १२७ पर्यंतच्याच संख्या बसतात. इथे कॅरी बघून चिन्ह ठरवायचं नाही, चिन्ह उत्तराच्या पहिल्या बिटातच असतं. वर्गात दोन्ही प्रकार एकाच नावाने शिकवले जातात, म्हणून मुलं पहिल्याचा नियम दुसऱ्याला लावतात. प्रश्नात "ओव्हरफ्लो" हा शब्द दिसला की दुसरा प्रकार धरा.

बिट उलटवून १ मिळवलं की वजाबाकी कशी काय होते?

A मधून B वजा करायचा आहे असं धरू. B चे आठही बिट उलटवणं म्हणजे ती संख्या 11111111 मधून, म्हणजे २५५ मधून वजा करणं. प्रत्येक स्तंभात 1 मधून 0 किंवा 1 जातो, त्यामुळे उसना घ्यायची वेळच येत नाही. त्यात १ मिळवला की २५६ − B झालं. ते A मध्ये मिळवलं की A − B + २५६. हे जास्तीचे २५६ आठ बिटांच्या बाहेर, नवव्या जागी पडतात. आठच बिट ठेवले की उरतं A − B.

(अ) पूर्ण सोडवून दाखवाल का?

A म्हणजे 00101101, ३२ + ८ + ४ + १ = ४५. B म्हणजे 01001110, ६४ + ८ + ४ + २ = ७८. उत्तर −३३ यायला हवं. आधी दशमानात उत्तर काढून बाजूला लिहून ठेवा. परीक्षेत त्याला दहा सेकंदसुद्धा लागत नाहीत, आणि ओव्हरफ्लो होणार की नाही हे तिथेच कळतं: −३३ हे −१२८ ते १२७ मध्ये आहे, म्हणजे नाही.

आता B चे बिट उलटवू: 10110001. बेरीज करताना सगळ्यात उजवीकडे १ जादा घालू.

```
   00101101
 + 10110001
 +        1
 ----------
 0 11011111
```

उत्तराचा पहिला बिट 1, म्हणजे ऋण. किती ते बघायला पुन्हा उलटवून १ मिळवा: 00100000 आणि १, म्हणजे 00100001, म्हणजे ३३. उत्तर −३३.

इथे एक नेहमीची चूक होते. 11011111 ला पुन्हा टूज कॉम्प्लिमेंट लावून 00100001 हेच अंतिम उत्तर म्हणून लिहितात. ते फक्त आपल्याला वाचता यावं म्हणून काढलं होतं. ८ बिटांतलं उत्तर 11011111 हेच आहे.

(ब) मध्ये नववा बिट 1 आला. म्हणजे ओव्हरफ्लो झाला ना?

झाला नाही. ७८ − ४५ करताना हे येतं:

```
   01001110
 + 11010010
 +        1
 ----------
 1 00100001
```

00100001 म्हणजे ३३, आणि ७८ − ४५ = ३३. उत्तर बरोबर आहे, मग ओव्हरफ्लो कसला? बाहेर पडलेला तो 1 म्हणजे वर सांगितलेले जास्तीचे २५६. ते तिथे पडायलाच हवे होते.

कॅरी आणि ओव्हरफ्लो या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. (अ) मध्ये कॅरी नाही, ओव्हरफ्लोही नाही. (ब) मध्ये कॅरी आहे, ओव्हरफ्लो नाही. पुढच्या (क) मध्ये दोन्ही आहेत. आणि 01100100 − 11001110, म्हणजे १०० − (−५०), करून बघा: कॅरी येत नाही तरी ओव्हरफ्लो होतो. चारही जोड्या शक्य आहेत, म्हणून एकावरून दुसरं ठरवता येत नाही.

मग ओव्हरफ्लो ओळखायचा कसा?

आधी तो केव्हा होऊच शकत नाही ते पाहू. A आणि B दोन्ही धन असतील तर त्यांच्यातला फरक −१२७ ते १२७ मध्येच राहतो. दोन्ही ऋण असले तरी तेच. म्हणजे चिन्हं सारखी असताना वजाबाकीत ओव्हरफ्लो होत नाही. चिन्हं वेगळी असतील तरच धोका, कारण तेव्हा वजाबाकी ही खरं तर मोठं होत जाणारं गणित असतं.

चिन्हं वेगळी असताना खऱ्या उत्तराचं चिन्ह A सारखंच असलं पाहिजे: ऋणातून धन घालवलं तर ऋणच राहणार, धनातून ऋण घालवलं तर धनच. आलेल्या उत्तराचं चिन्ह A पेक्षा वेगळं दिसलं की समजा, संख्या मावली नाही.

(क) वर लावू. A = 10011100, म्हणजे −१००. B = 00110010, म्हणजे ५०.

```
   10011100
 + 11001101
 +        1
 ----------
 1 01101010
```

A चा साइन बिट 1, B चा 0: वेगळे. उत्तराचा 0: A पेक्षा वेगळा. ओव्हरफ्लो. 01101010 म्हणजे १०६, आणि खरं उत्तर −१५०. दोघांमध्ये नेमका २५६ चा फरक आहे. ओव्हरफ्लो झाल्यावर उत्तर कसंही भरकटत नाही, ते नेहमी २५६ नेच चुकतं.

आमच्या पुस्तकात शेवटच्या दोन हातच्यांचं XOR घ्यायला सांगितलंय. ते वेगळं आहे का?

निष्कर्ष तोच निघतो, मार्ग वेगळा. साइन बिटाच्या स्तंभात आत आलेला हातचा आणि त्या स्तंभातून बाहेर गेलेला हातचा बघायचा. दोन्ही सारखे असतील तर ओव्हरफ्लो नाही, वेगळे असतील तर आहे. (क) मध्ये उजवीकडून सातव्या स्तंभात 0 + 1 आहे आणि मागून हातचा आलेला नाही, म्हणून साइन बिटात 0 गेला. साइन बिटात 1 + 1 झाले, म्हणून बाहेर 1 पडला. 0 आणि 1 वेगळे, ओव्हरफ्लो. (ब) मध्ये आत 1, बाहेरही 1, म्हणून नाही.

सर्किटमध्ये हे सोयीचं पडतं, एक XOR गेट पुरतं. कागदावर मला चिन्हांचा नियम जास्त भरवशाचा वाटतो, कारण हातचे मांडून ठेवायची सवय बहुतेकांना नसते आणि सातव्या स्तंभातला हातचा कुठे लिहिला होता हे शोधण्यात वेळ जातो. पण परीक्षेत "कॅरी इन आणि कॅरी आउट वापरून सांगा" असं विचारलं असेल तर हातच्यांची ओळ वर लिहून दाखवा, नाहीतर गुण कापले जातात.

(ड) मध्ये एकाचं "ओव्हरफ्लो आहे", दुसऱ्याचं "नाही". बरोबर कोण?

"नाही" म्हणणारा. आणि हे गणित मुद्दाम घातलेलं असतं.

A = 11111011, म्हणजे −५. B = 10000000, म्हणजे −१२८. खरं उत्तर −५ + १२८ = १२३, जे ८ बिटांत आरामात मावतं.

आता चूक कुठे होते ते बघा. बहुतेक जण दोन टप्प्यांत जातात. आधी B चं टूज कॉम्प्लिमेंट काढतात: उलटवून 01111111, त्यात १ मिळवून 10000000. म्हणजे जिथून निघालो तिथेच परत! कारण +१२८ ही संख्या ८ बिटांत नाहीच. मग बेरीज करतात:

```
   11111011
 + 10000000
 ----------
 1 01111011
```

उत्तर 01111011, म्हणजे १२३, अगदी बरोबर. पण मग बेरजेचा नियम लावतात: "दोन ऋण संख्या मिळवल्या, उत्तर धन आलं, म्हणून ओव्हरफ्लो." हातच्यांचा नियम लावला तरी तेच हाती येतं, कारण या मांडणीत साइन बिटात 0 गेला आणि बाहेर 1 पडला.

एका टप्प्यात केलं तर असं होतं:

```
   11111011
 + 01111111
 +        1
 ----------
 1 01111011
```

बेरीज तीच आली, पण हातचे बदलले. आता साइन बिटात 1 आत जातो आणि 1 च बाहेर पडतो. ओव्हरफ्लो नाही. मूळ A आणि B च्या चिन्हांचा नियम लावला तर इतकंही करावं लागत नाही: दोन्ही ऋण, चिन्हं सारखी, विषय संपला.

उलट बाजूही बघा. ५ − (−१२८) चं खरं उत्तर १३३, म्हणजे मावत नाही. दोन टप्प्यांच्या पद्धतीत 00000101 + 10000000 ही "वेगळ्या चिन्हांची बेरीज" दिसते, आणि "वेगळ्या चिन्हांत ओव्हरफ्लो होत नाही" असं म्हणून मुलं 10000101, म्हणजे −१२३, बिनधास्त लिहून मोकळी होतात.

थोडक्यात, B जर 10000000 असेल तर दोन टप्प्यांच्या पद्धतीने काढलेला ओव्हरफ्लोचा निष्कर्ष A कोणतीही असली तरी उलटाच येतो. B ची बाकी कोणतीही किंमत घेतली तरी दोन्ही पद्धती जुळतात, म्हणूनच ही खोड वर्षभर लक्षात येत नाही. हार्डवेअर बिट उलटवतं आणि तो जादा १ अॅडरच्या पहिल्या कॅरी इनमधून देतं, त्यामुळे तिथे ही अडचण उद्भवत नाही. कागदावरही तसंच मांडा.

असाच छोटा फटका B = 0 असताना कॅरीच्या बाबतीत बसतो. दोन टप्प्यांत 00000000 चं कॉम्प्लिमेंट 00000000 च निघतं आणि A मध्ये मिळवताना कॅरी येत नाही. एका टप्प्यात मात्र कॅरी 1 येतो, आणि तोच बरोबर.

दोन संख्यांची लांबी वेगळी असेल तर?

लहान संख्या आधी लांब करा, मगच उलटवा. साइन्ड असेल तर पुढे साइन बिटच भरायचा: चार बिटांतली 1010 म्हणजे −६, ती आठ बिटांत 11111010 होते. पुढे शून्यं भरली तर ती १० होऊन बसते. अनसाइन्ड प्रश्नात मात्र शून्यंच भरतात.

ओव्हरफ्लो झाला तर उत्तराच्या जागी काय लिहू?

आलेले आठ बिट लिहा, शेजारी "ओव्हरफ्लो, ८ बिटांत उत्तर वैध नाही" असं लिहा आणि कारणाची एक ओळ द्या. (क) साठी: "A ऋण, B धन, उत्तर धन आलं." नुसतं −१५० लिहिलं तर परीक्षकाला वाटतं तुम्ही दशमानात करून मोकळे झालात. नुसतं 01101010 लिहिलं तर वाटतं ओव्हरफ्लो कळलाच नाही.

खरं उत्तर बिटांत हवंच असेल तर नऊ बिट घ्या. ओव्हरफ्लो झाला असताना बाहेर पडलेला कॅरी हाच खऱ्या उत्तराचा साइन बिट असतो: 1 01101010 नऊ बिटांत वाचलं की −२५६ + १०६ = −१५०. पण हे फक्त ओव्हरफ्लो झाला असेल तेव्हाच. (ब) मध्ये हीच युक्ती केलीत तर ३३ ऐवजी −२२३ येईल.

प्रोसेसरमध्ये वजाबाकीनंतर कॅरी फ्लॅग उलटा का दिसतो?

कारण काही प्रोसेसर अॅडरचा कॅरी जसाच्या तसा ठेवतात, काही तो उलटवून "बॉरो" म्हणून दाखवतात. ARM मध्ये वजाबाकीनंतर C = 1 म्हणजे उसना घ्यावा लागला नाही. 8085 आणि 8086 मध्ये कॅरी फ्लॅग 1 म्हणजे उसना घ्यावा लागला. (ब) हातांनी करताना कॅरी 1 येतो, पण 8085 च्या सिम्युलेटरवर SUB नंतर CY मध्ये 0 दिसतो. दोन्ही बरोबर आहेत.

ओव्हरफ्लोचं तसं नाही, तो उलटवला जात नाही. 8085 च्या अधिकृत पाच फ्लॅगांत मात्र ओव्हरफ्लो नाही; साइन, झिरो, ऑक्झिलरी कॅरी, पॅरिटी आणि कॅरी एवढेच आहेत. म्हणून प्रॅक्टिकलला 8085 वर "ओव्हरफ्लो फ्लॅग बघा" असं कुणी सांगितलं तर तो सापडणार नाही. 8086 मध्ये OF आहे, आणि त्याचा खरा उपयोग तुलनेत होतो. CMP आतून वजाबाकीच करतं. −१०० आणि ५० ची तुलना म्हणजे आपलं (क) च: उत्तराचा साइन बिट 0 येतो, म्हणजे नुसत्या चिन्हावर विसंबलं तर −१०० हे ५० पेक्षा लहान नाही असं ठरेल. म्हणून JL ही सूचना SF आणि OF वेगळे आहेत का ते बघते. इथे SF = 0 आणि OF = 1, वेगळे, म्हणजे −१०० लहान.

माझी उत्तरं कोडने तपासता येतील का?

येतील. C मध्ये अनसाइन्ड प्रकार वापरा, म्हणजे आठ बिटांच्या बाहेरचं आपोआप गळून पडतं:

```c
uint8_t a = 0x9C, b = 0x32;
uint8_t r = a - b;
int v = ((a ^ b) & (a ^ r)) >> 7;
printf("%02X %d\n", r, v);
```

यात `a ^ b` चा वरचा बिट 1 म्हणजे A आणि B ची चिन्हं वेगळी, `a ^ r` चा 1 म्हणजे उत्तराचं चिन्ह A पेक्षा वेगळं. दोन्ही एकदम खरं असेल तरच v = 1. वर (क) च्या संख्या घातल्या आहेत, त्यामुळे `6A 1` छापलं जातं. (ड) साठी 0xFB आणि 0x80 घाला, `7B 0` येईल.

हाच कोड दोन लूपमध्ये घालून सगळ्या ६५,५३६ जोड्यांवर चालवला तर ओव्हरफ्लो १६,३८४ वेळा येतो, म्हणजे बरोबर पाव हिस्सा. तुमचा आकडा जुळला तरी B = 0x80 च्या २५६ जोड्या वेगळ्या तपासा, कारण तिथले निष्कर्ष उलटे आले तरी एकूण आकडा तोच राहतो. आणि लूपचं चल `uint8_t` ठेवू नका: २५५ नंतर ते पुन्हा 0 होतं आणि लूप कधीच थांबत नाही.